जेवल्यावर आधी २३०, मग ४६: कोणत्या तपासणीवर विश्वास ठेवायचा?

*दोन वर्षांपूर्वी वजनासाठी माझी गॅस्ट्रिक बायपास झाली. मधुमेह कधीच नव्हता. गेले काही महिने नाश्त्यानंतर दीड-दोन तासांनी दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, समोरचा काय बोलतोय ते कळत नाही. ग्लुकोमीटरवर एकदा नाश्त्यानंतर तासाभराने २३० आलं आणि पुढच्या सव्वा तासात ४६. उपाशीपोटी ८६ आणि एचबीएवनसी ५.४. एक डॉक्टर म्हणतात मधुमेह सुरू होतोय, गोळी घ्या. दुसऱ्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी लिहून दिली. मैत्रीण म्हणते, ते प्यायलीस तर लॅबमध्येच पडशील. काय करू? रोज गाडीही मीच चालवते.*

गोळी घेऊ नका. कोणती गोळी ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडच्या जातीची असेल तर ती स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुमची अडचणच नको त्या वेळी जास्त झालेल्या इन्सुलिनची दिसते. अशी गोळी आधीच सुरू झाली असेल तर आजच त्या डॉक्टरांना फोन करा आणि ४६ चा आकडा सांगा. त्यांना कदाचित फक्त २३० च सांगितला गेला असेल.

२३० बघून मधुमेह आठवणं स्वाभाविक आहे. कधीही घेतलेल्या रक्तात २०० च्या वर साखर हा मधुमेहाचा एक निकष आहेच. पण त्याला जोड लागते ती खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना घटणारं वजन अशा लक्षणांची. शिवाय हे निकष ज्यांचं जठर जागच्या जागी आहे अशा माणसांवरून ठरले आहेत. बायपासनंतर जेवणानंतरच्या पहिल्या तासात साखर अशी उसळणं नेहमीचं आहे, आणि तुमची उपाशीपोटीची साखर व एचबीएवनसी दोन्ही मधुमेहाच्या बाजूने बोलत नाहीत. एवढं मात्र बघा की हिमोग्लोबिन आणि फेरिटिन अलीकडे तपासलंय का. बायपासनंतर लोह कमी पडणं फार सामान्य आहे. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटं वर जातं, आणि लोह सुरू केल्यावर काही काळ ते खोटं खाली येतं. तसंही तीन महिन्यांच्या सरासरीत २३० आणि ४६ एकमेकांना झाकून टाकतात, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नाहीच.

मग होतंय काय? जठराच्या शेवटी पायलोरस नावाची झडप असते. ती अन्न थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे झडप वाटेतून जाते. पिठूळ किंवा गोड खाल्लेलं पटकन आतड्यात उतरतं, ग्लुकोज झपाट्याने रक्तात शिरतं आणि साखर वर जाते. त्याच वेळी, एरवी इतक्या लवकर अन्न न दिसणारा आतड्याचा खालचा भाग जीएलपी-१ नावाचं संप्रेरक भरपूर सोडतो. वाढलेली साखर आणि हे संप्रेरक मिळून स्वादुपिंडाकडून इन्सुलिनचा मोठा लोट काढून घेतात. तोवर आतड्यातून यायचं ते ग्लुकोज येऊन संपलेलं असतं, पण इन्सुलिनचा परिणाम अजून चालू असतो. साखर खाली घसरते ती तिथे. म्हणजे तुमचे २३० आणि ४६ हे दोन वेगळे आजार नाहीत. पहिला आकडा दुसऱ्याला ओढून आणतो.

याला लेट डम्पिंग म्हणतात. अर्ली डम्पिंग वेगळं: ते जेवल्यावर पहिल्या तासाभरातच येतं, पोट तट्ट फुगतं, कळा येतात, जुलाब होतात, छाती धडधडते, आडवं व्हावंसं वाटतं. ते घट्ट, गोड द्राव आतड्यात अचानक उतरल्याने होतं आणि त्या वेळी साखर कमी नसते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच ते दिसू लागतं. साखर घसरण्याचा प्रकार मात्र बहुधा वर्ष उलटल्यावर सुरू होतो, आणि तुमची दोन वर्षं त्यात बसतात. नुसत्या घाम-थरथरीपेक्षा समोरच्याचं बोलणं न कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घाम कशानेही फुटतो. पण मेंदूला साखर अपुरी पडतेय याची खूण म्हणजे हा गोंधळ.

आता ग्लुकोज पिण्याच्या तपासणीकडे. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी काही जगावेगळं लिहिलेलं नाही. डम्पिंगसाठी या तपासणीचं एक बदललेलं रूप वापरतात: रात्रभर उपाशी राहून ५० किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, आणि आधी व नंतर दर अर्ध्या तासाने तीन तासांपर्यंत साखर, नाडी, रक्तदाब आणि हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या पेशींचं प्रमाण, बघायचं. अर्ध्या तासाला नाडी मिनिटाला १० ठोक्यांहून जास्त वाढली किंवा हेमॅटोक्रिट ३ टक्क्यांहून जास्त वाढलं तर अर्ली डम्पिंग. एक ते तीन तासांच्या दरम्यान साखर ५० च्या खाली गेली तर लेट डम्पिंग. पहिल्या भागासाठी मला ही तपासणी पटते. रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं गेल्याने रक्त घट्ट होतं आणि नाडी पळते, हे तिथे सरळ दिसतं.

दुसऱ्या भागाशी माझं जमत नाही, आणि हॉर्मोनचे बरेच डॉक्टर माझ्याच बाजूला आहेत. जेवणानंतर साखर कमी होण्याचं निदान ग्लुकोज पाजून करू नये, असं त्यांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. पोटाचं कुठलंही ऑपरेशन न झालेल्या काही धडधाकट माणसांचीही साखर शुद्ध ग्लुकोज प्यायल्यावर दोन-चार तासांनी ५० च्या आसपास उतरते, आणि त्यांना काहीही होत नाही. बायपास झालेल्यांत तर हे आणखी सर्रास दिसतं. अशा अहवालावर तुमच्या कपाळी आजार लागेल, पण रोजच्या जेवणाने तुम्हाला काय होतं ते कळणार नाही. मैत्रिणीचं म्हणणं थोडं भडक असलं तरी अगदी चुकीचं नाही: बायपासवाल्यांना ते पेय फार जड जाऊ शकतं. आणि लॅबने बदललेल्या रूपाऐवजी मधुमेहाची नेहमीची दोन तासांची चाचणी केली तर तुमची घसरण सुरू होता होता सुई काढून तुम्हाला घरी पाठवतील.

निदान तीन गोष्टी एकत्र आल्यावरच होतं. अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात स्वादुपिंडाच्या गाठींसाठी त्या मांडल्या आणि आजही त्याच वापरतात. लक्षणं हवीत, त्याच क्षणी रक्तातली साखर खरोखर कमी मोजलेली हवी, आणि साखर वर आणल्यावर लक्षणं जायला हवीत. लक्षणांशिवायचा ५२ किंवा ९४ असताना फुटलेला घाम, दोन्ही अपुरे. तुमचा ४६ नेमका गोंधळ उडालेला असताना घेतलेला होता का, आणि काही खाल्ल्यावर किती मिनिटांत डोकं साफ झालं? पत्रात हे नाही, आणि सगळ्यात आधी तेच हवं.

म्हणून दोन आठवडे वही ठेवा. लक्षण आलं की आधी बोट टोचा, मग खा. (अर्थात भान हरपत असेल तर आधी खा, आकडा गेला तरी चालेल.) बोट टोचण्याआधी हात धुऊन कोरडे करा, कारण बोटाला लागलेला फळाचा रस कमी साखरेला सहज चांगली दाखवतो. खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी लिहा: काय खाल्लं, किती वाजता, जेवताना पाणी किंवा दुसरं काही प्यायलं का. ग्लुकोमीटरच्या आकड्याला फार चिकटू नका. मान्य असलेली यंत्रंसुद्धा १०० च्या खाली १५ अंकांनी इकडेतिकडे जाऊ शकतात. म्हणजे पडद्यावरचा ४६ प्रयोगशाळेत ५८ निघू शकतो. त्यामुळे वहीवरून संशय पक्का होतो, पण निदानावर शिक्का मारायला शिरेतल्या रक्तातली साखर लागते.

ती मिळवायची तर मिश्र जेवणाची चाचणी मागा. इंग्रजी नावाने तिला मिक्स्ड मील टेस्ट म्हणतात. ग्लुकोजच्या पाण्याऐवजी यात पिठूळ, प्रथिनं आणि स्निग्ध असं तिन्ही असलेलं ठरावीक पेय किंवा ज्याने तुम्हाला त्रास होतो तसंच जेवण देतात. साधारण दहा तास उपाशी जायचं आणि हाताच्या शिरेत आधीच सुई बसवून घ्यायची. जेवण ठरलेल्या वेळेत संपवायचं आणि चाचणीभर बसून राहायचं, कारण आडवं झाल्याने पोट हळू रिकामं होतं आणि जे बघायला आलात तेच हुकू शकतं. दर अर्ध्या तासाने रक्त घेतात, आणि लक्षण आलं की घड्याळ न बघता लगेच. पूर्ण चाचणी पाच तासांची असते. बायपासमधली घसरण बहुतेकदा दीड ते अडीच तासांत गाठता येते, पण तीन तासांच्या आत उठू नका. साखर ६० च्या खाली गेलेल्या नमुन्यातच इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड बघायचं असतं, आणि ते रक्त तुम्हाला ग्लुकोज देण्याआधी काढलेलं हवं. घाईत हा क्रम उलटा होतो आणि चाचणी वाया जाते.

आकड्यांचा खेळ कसा असतो ते दिसावं म्हणून तुमच्यासारख्या रुग्णाचा एक अहवाल मी नमुन्यादाखल रचला आहे. उपाशीपोटी साखर ८४, नाडी ७२. अर्ध्या तासाला साखर १८८, नाडी ९०, पोट जड. तासाला २२४. दीड तासाला ११८ आणि रुग्ण मजेत. दोन तासांना ६१, कपाळावर किंचित घाम. सव्वादोन तासांना रुग्ण म्हणते, आता काही सुचत नाहीये. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तर ८६ ला अडकते. लगेच काढलेल्या रक्तात साखर ४७, इन्सुलिन १४, सी-पेप्टाइड ३.१. मग १५ ग्रॅम ग्लुकोज, आणि पंधरा मिनिटांत साखर ९२, वजाबाकी सुरळीत.

यात निदानाच्या तिन्ही गोष्टी आल्या. नाडी १८ ठोक्यांनी वाढली, म्हणजे सोबत थोडं अर्ली डम्पिंगही आहे. ४७ साखरेला शरीराने इन्सुलिन जवळजवळ बंद करायला हवं होतं आणि ते १४ आहे. सी-पेप्टाइड इन्सुलिनसोबतच स्वादुपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे ते जास्त असलं की इन्सुलिन शरीराचंच आहे, सुईने टोचलेलं नाही, हे कळतं. त्याहून जास्त अर्थ मात्र त्यातून काढू नये. सी-पेप्टाइड रक्तातून इन्सुलिनपेक्षा सावकाश जातं, म्हणून जेवणानंतर त्याचा बराच भाग आधीच्या उसळीचा उरलेला असतो, आणि अहवालाखाली छापलेल्या मर्यादा उपाशीपोटीच्या असतात. आता हाच रुग्ण फक्त एक आणि दोन तासांना तपासला असता तर हातात २२४ आणि ६१ आले असते. एक डॉक्टर म्हणाले असते मधुमेहाची शंका, दुसरे म्हणाले असते बाकी ठीक. सव्वादोन तासांचा तो एक जादा नमुना नसता तर निदान हातचं गेलं असतं.

लॅब निवडताना एकच चौकशी करा: साखरेचे नमुने फ्लुओराइडच्या, म्हणजे राखाडी टोपणाच्या नळीत घेतात का आणि ते लगेच पुढे जातात का. साध्या नळीत तासभर पडलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, आणि तुम्ही ठणठणीत असतानाही आकडा कमी येतो. चाचणीचा मोठा तोटा म्हणजे तिचं जेवण सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. आणि एखाद्या दिवशी घसरण आलीच नाही तर चाचणी साफ म्हणून आजार नाही असंही म्हणता येत नाही.

तेव्हा दंडावर लावायचा सेन्सर कामी येतो. दोन आठवडे तो दर काही मिनिटांनी साखर टिपतो आणि कुठल्या जेवणानंतर उसळी किती, घसरण किती हे आलेखात सरळ दिसतं. पण तो पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो. ती रक्तापेक्षा पाच ते पंधरा मिनिटं मागे असते, आणि साखर वेगाने पडत असताना नेमका हाच उशीर नडतो. झोपेत त्या कुशीवर वळलात की दाबानेही खोटी कमी साखर उमटते. म्हणून सेन्सरवरून जेवण बदला, निदान करू नका. आणि जठर किती वेगाने रिकामं होतं ते दाखवणारा न्यूक्लिअर स्कॅन कुणी सुचवला तर खर्च करण्याआधी विचारा की त्याने उपचारात काय बदलणार. डम्पिंग असलेल्यांतही तो कित्येकदा काही सांगत नाही.

हे सगळं तुमचा त्रास जेवणानंतरच येतो असं धरून लिहिलं. पहाटे, उपाशीपोटी किंवा जेवून चार-पाच तास उलटल्यावर साखर पडत असेल, बेशुद्धी किंवा झटका आला असेल, तर हे डम्पिंग म्हणून सोडून देता येत नाही. इन्सुलिन तयार करणारी गाठ शोधण्यासाठी रुग्णालयात ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून करायची वेगळी तपासणी आहे. कॉर्टिसॉलही बघावं लागतं, आणि घरात कुणाच्या मधुमेहाच्या गोळ्या चुकून तुमच्या डबीत आल्या नाहीत ना, हेही.

चाचणीची तारीख मिळेपर्यंत नाश्त्यात बदल करून बघा. साखर घातलेली पेयं आणि फळांचे रस बंद. जेवण सहा छोट्या भागांत विभागा, प्रत्येक वेळी प्रथिनं आधी आणि पिठूळ शेवटी, तेही थोडं. जेवताना पाणी पिऊ नका, जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्या. दारू घेत असाल तर थांबवा. बायपासनंतर ती झपाट्याने चढते आणि वर साखरही पाडते. फक्त चाचणीच्या आधीचे दोन-तीन दिवस कसं खायचं ते त्यांनाच विचारा, नाहीतर इतकं नीट जेवून जाल की काहीच दिसणार नाही.

साखर पडली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी मोजा, आणि ७० च्या वर आल्यावर थोडं प्रथिनांचं काही खा. घाबरून गोडाचा मोठा वाटा खाल्लात तर तीच उसळी पुन्हा येते आणि दोन तासांनी तीच घसरण. पुढे जेवण बदलून भागलं नाही तर डॉक्टर बहुधा अकार्बोज देतील. ते पिठूळ पदार्थ आणि साखर आतड्यात फुटण्याचा वेग कमी करतं, आणि सुरुवातीला पोटात गॅस करतं. ते चालू असताना साखर पडली तर घरातली साधी साखर उपयोगी पडत नाही, कारण तिचं ग्लुकोज होण्याची वाटच त्या औषधाने अडवलेली असते. तेव्हा शुद्ध ग्लुकोजच हवं, आणि ते पर्समध्ये ठेवलेलं हवं. अकार्बोजने जमलं नाही तर ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं, डायझॉक्साइड असे पुढचे उपाय आहेत, पण ते निदान पक्कं झाल्याशिवाय नकोत.

गाडीचं सांगते. समोरच्याचं बोलणं कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून घसरण आटोक्यात आल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत जेवणानंतरचे पहिले तीन तास स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्या. इतर वेळी निघण्याआधी मोजा. ७० च्या खाली असेल तर निघू नका, ७० ते ९० मध्ये असेल तर थोडं खाऊन पुन्हा मोजा. वाटेत थरथर जाणवली तर बाजूला थांबा, इंजिन बंद करा आणि ग्लुकोज घ्या. आकडा ९० च्या वर आला तरी डोकं पूर्ण ताळ्यावर यायला पाऊण तास लागू शकतो, तेवढा वेळ तिथेच थांबा. आणि चाचणीच्या दिवशी लॅबमधून घरी न्यायला कुणाला तरी बोलवून ठेवा.